आधी कप मोजा, मग गोळी लिहा

घसा खवखवतो, सकाळी आवाज बसलेला असतो, दिवसभर खाकरावं लागतं, अशी तक्रार घेऊन माणूस दवाखान्यात गेला की त्याच्या हातात काय पडतं ते मी रोज बघतो. पाच दिवसांचं अँटिबायोटिक, खोकल्याची बाटली, अ‍ॅलर्जीची गोळी आणि 'थंड खाऊ नका' हा सल्ला. महिन्याभरात तोच माणूस परत येतो, तेव्हा अँटिबायोटिक बदलतं. तिसऱ्या खेपेला पित्ताची गोळी मिळते आणि ती वर्षानुवर्षं चालू राहते. या सगळ्या काळात एकही जण त्याला विचारत नाही की बाबा, तू दिवसातून किती वेळा चहा पितोस, रात्री किती वाजता जेवतोस आणि जेवल्यावर किती वेळाने आडवा होतोस. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. हा प्रश्न न विचारणं ही माझ्या व्यवसायाची हलगर्जी आहे आणि तिची किंमत शिक्षक, कंडक्टर, कीर्तनकार, भाजीवाल्या, वकील अशी आवाजावर पोट भरणारी माणसं मोजताहेत.

दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. आपल्याकडे चहा नको म्हणणाऱ्याला जगू देत नाहीत. 'घोटभर तरी घ्या', 'एवढ्याशाने काय होतंय', 'आमच्याकडचा चहा चालत नाही का?' या तीन वाक्यांनी मी माझ्या पेशंटांचं जेवढं नुकसान झालेलं पाहिलंय तेवढं धुळीनेही झालेलं पाहिलेलं नाही. पाहुण्याने नकार दिला की यजमानाचा अपमान होतो, म्हणून पाहुणा पितो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घशातून आवाज फुटत नाही. या आग्रहाला पाहुणचार म्हणायला मी तयार नाही.

एका क्लासच्या सरांचं उदाहरण घेतो, कारण त्यांच्या एका दिवसात या विषयातली सगळी कारणं एकत्र सापडतात. वय 44, दहावी-बारावीचं गणित, दिवसाला सहा तास बोलणं. पहाटे 6 वाजता उपाशीपोटी चहा. सकाळची बॅच संपल्यावर 9.30 ला पोह्यांबरोबर दुसरा. दुपारी 12 ला मशीनची कॉफी. 3 वाजता चहा. 5 वाजता संध्याकाळच्या बॅचेस सुरू होण्याआधी वडापाव, तळलेली मिरची आणि चौथा चहा. साडेसातला पुन्हा कॉफी, 'घसा मोकळा राहावा' म्हणून. 9 ला क्लास सुटला की घरी, 60 मिलिचे दोन पेग, बरोबर फरसाण आणि तळलेले शेंगदाणे. 11 ला जेवण, साडेअकराला अंथरूण.

माझ्याकडे आले तेव्हा त्यांना दीड वर्ष त्रास होता. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं, गिळलं तरी जायचं नाही. सकाळची बॅच घोगऱ्या आवाजात सुरू व्हायची. मी पोटाचा विषय काढला तर म्हणाले, "डॉक्टर, मला अ‍ॅसिडिटी नाही हो. छातीत कधी जळजळत नाही, आंबट ढेकरही नाही."

इथेच सगळे फसतात. पोटातलं आम्ल वर येतं म्हणजे छातीत जळजळलंच पाहिजे, ही समजूत चुकीची आहे. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जिथे ती जठराला मिळते, स्नायूंची एक गोल झडप असते. गिळताना ती उघडते आणि एरवी मिटलेली असते. ती अवेळी सैल पडली की जठरातला ऐवज वर चढतो. अन्ननलिकेला अशा माऱ्याची थोडी सवय असते: तिच्या हालचाली तो खाली ढकलतात आणि गिळलेली लाळ उरलेलं आम्ल निष्प्रभ करते. पण तोच ऐवज आणखी वर, स्वरयंत्रापर्यंत पोचला तर तिथे बचावाची ही सोय फार कमी आहे. छातीला जाणवणारही नाही इतका थोडा शिंतोडा किंवा नुसती वाफ घशाला पुरेशी होते. म्हणून छाती शांत आणि घसा सोललेला, असे पेशंट भरपूर असतात. अमेरिकेतल्या जेमी कॉफमन या घशाच्या डॉक्टरांनी 1991 मध्ये या प्रकारावर सविस्तर लिहिलं. त्यानंतर घशापर्यंत जाणाऱ्या या त्रासाकडे वेगळा आजार म्हणून पाहिलं जाऊ लागलं.

वर येणाऱ्या ऐवजात नुसतं आम्ल नसतं. पेप्सिन नावाचं प्रथिनं पचवणारं पाचक द्रव्य असतं. ते घशाच्या पेशींना चिकटून राहतं आणि आम्ल नसेल तर निपचित पडतं. पुन्हा आम्ल मिळालं की ते जागं होतं, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. घसा खराब आहे म्हणून पहाटे उपाशीपोटी लिंबू-मध-गरम पाणी पिणाऱ्या सगळ्यांनी हे नीट वाचावं. लिंबू हे आम्लच आहे.

त्यात खाकरण्याची भर पडते. घशात काही आहे असं वाटून माणूस खाकरतो, तेव्हा दोन्ही स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटतात. त्या सुजतात, सुजल्या की पुन्हा काहीतरी आहे असं वाटतं आणि माणूस पुन्हा खाकरतो. सर एका तासिकेत कितीतरी वेळा खाकरत. त्यांचे विद्यार्थी त्याची नक्कल करत असत, असं त्यांनीच सांगितलं.

आता चहाबद्दल, आणि इथे मला प्रामाणिक राहायचं आहे. कॅफीनमुळे ती झडप किती सैल होते याबद्दल संशोधनात एकमत नाही. काही अभ्यासांत तिचा दाब कमी झालेला दिसतो, काहींत फरक दिसत नाही. चहा पिणाऱ्या प्रत्येकाचा घसा बिघडत नाही, हेही खरं. पण अमेरिकेत परिचारिकांवर झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष 2020 च्या सुमारास छापून आले, दिवसाला सहाहून जास्त कप चहा किंवा कॉफी पिणाऱ्या स्त्रियांमध्ये आम्ल वर येण्याची लक्षणं अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक होती. कॅफीन काढलेल्या पेयांनीही फारसा फरक पडला नाही. चहा-कॉफीच्या दोन कपांच्या जागी पाणी धरलं की धोका कमी होत होता. ती पाहणी पोट-छातीच्या लक्षणांची होती, घशाची नव्हती. तरी सहा हा आकडा लक्षात ठेवा, कारण महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत तो दुपारी चारपर्यंत गाठला जातो. सरांचेही चहा-कॉफी मिळून सहाच होत होते.

शिवाय आपला चहा म्हणजे नुसती चहाची पानं नव्हेत. पातेल्यात काळा होईपर्यंत उकळलेली पूड, सायीचं दूध, भरपूर साखर, आलं, आणि सोबत खारी किंवा बटर, म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप. रिकाम्या जठरात हे सगळं पहाटे पडतं आणि आम्लाची पहिली लाट उठते. त्यात आपण तो उकळता पितो. 65 अंशांहून गरम पेयं सतत पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये सांगितलं आहे. टपरीवरचा काचेचा ग्लास हातात धरवत नाही, कडेला धरून फुंकर मारत प्यावा लागतो, तेव्हा तो घशासाठी फार गरम असतो. हे कळायला थर्मामीटर लागत नाही. चार-पाच मिनिटं ठेवा, बोटांना सहज धरवला की मग प्या.

कॉफीबद्दल फार सांगायचं नाही. तिने जठरातलं आम्ल वाढतं, आणि तिचं अर्धं कॅफीन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. साडेसातची कॉफी सरांना रात्री साडेबारापर्यंत निम्मी सोबत करत होती. त्यामुळे झोप उशिरा, म्हणून सकाळी सुस्ती, म्हणून पहाटेचा चहा अधिक कडक. कॉफीने घसा मोकळा होतो ही त्यांची समजूत होती. कुठलाही कोमट घोट क्षणभर बरा वाटतो. त्यासाठी कोमट पाणी पुरतं.

तळलेल्या पदार्थांचं गणित मात्र सरळ आहे. चरबी लहान आतड्यात पोचली की शरीर जठराला सावकाश रिकामं होण्याची सूचना देतं आणि ती झडपही सैल पडते. साधं जेवण पुढे सरकलं असतं त्या वेळात वडा, भजी, समोसा जठरातच बसून राहतो. 5 वाजता खाल्लेल्या वडापाववर सर लगेच बोलायला उभे राहत. बोलताना, विशेषतः मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवताना, पोटाचे स्नायू आवळले जातात आणि भरलेल्या जठरावर दाब येतो. वरून झडप सैल, आतून जठर भरलेलं, बाहेरून स्नायूंचा दाब. चार तास शिकवून ते घरी जात तेव्हा घसा आधीच सोललेला असे, आणि त्यावर दारू पडे.

दारू चार बाजूंनी नुकसान करते: झडप सैल करते, वर आलेलं खाली ढकलणाऱ्या अन्ननलिकेच्या हालचाली मंदावते, घशाच्या अस्तराला थेट झोंबते आणि माणसाला गाढ झोपवते. गाढ झोपेत आपण फार कमी गिळतो, लाळही कमी सुटते, म्हणून वर आलेला ऐवज घशाशी बराच वेळ तसाच राहतो. 'दोनच पेग, तेही जेवणाआधी' असं सांगणारे लोक जेवण रात्री 11 ला होतं हे सांगत नाहीत. दोन पेगच्या नादात जेवण दोन तास लांबतं आणि चकण्याच्या नावाखाली अर्धी बशी तळण पोटात जातं, हा त्या पेगचा वेगळा हिशोब आहे. सोड्यातून पिणाऱ्यांचं जठर वायूने फुगतं आणि ढेकरेबरोबर ऐवज वर येतो.

हे सगळं असताना सरांना काय दिलं होतं? पॅन्टोप्राझोल, रोज एक, तीन महिने. गोळी नाश्त्यानंतर घ्या की आधी, हेसुद्धा सांगितलेलं नव्हतं. या जातीच्या गोळ्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात, नाहीतर त्या नीट काम करत नाहीत. पण नीट घेतल्या तरी घशाच्या बाबतीत त्यांची कामगिरी काय? ब्रिटनमध्ये घशाची जुनाट लक्षणं असलेल्या तीनशेहून अधिक लोकांवर यातलीच एक गोळी, लॅन्सोप्राझोल, दिवसातून दोनदा सोळा आठवडे देऊन पाहिली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती साखरेसारखी निरुपद्रवी. 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल आला: दोन्ही गटांत लक्षणं सारखीच कमी झाली. गोळीचा वेगळा फायदा दिसला नाही.

कारण गोळी आम्ल कमी करते, झडप घट्ट करत नाही. ऐवज वर येतच राहतो, फक्त कमी आंबट असतो, आणि पेप्सिन त्यात असतंच. गळका नळ तसाच ठेवून पाण्याचा रंग बदलावा, तशी ही चिकित्सा आहे. आणि गोळी चालू आहे म्हणून सर वडापाव अधिक निर्धास्तपणे खात होते. गोळीचा खरा दुष्परिणाम मला हा वाटतो. छातीत जळजळ असेल, अन्ननलिकेला जखम असेल, दुर्बिणीत ती दिसली असेल तर या गोळ्या उत्तम आहेत आणि त्या घ्याव्यातच. पण घसा खवखवतो म्हणून डोळे मिटून लिहिलेली गोळी ही पेशंटला लवकर बाहेर काढण्याची सोय आहे. हे वाचून कोणी ती आज एकदम फेकून देऊ नका. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी अचानक सोडली की काही आठवडे आम्ल उलट वाढतं. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा.

दुसरा गट 'सगळं बंद करा' म्हणणाऱ्या डॉक्टरांचा. चहा बंद, कॉफी बंद, तेलकट बंद, दारू बंद, पुढचा पेशंट. हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या आळशी आहे. रोज सहा कप पिणाऱ्याने चहा-कॉफी एकदम सोडली तर बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, एक-दोन दिवसांत दुखणं टोकाला जातं आणि कधी आठवडाभर रेंगाळतं. मळमळ, चिडचिड, पेंग येते ती वेगळी. तिसऱ्या दिवशी तो माणूस टपरीवर उभा असतो आणि 'आपल्याला जमत नाही' हे त्याच्या मनात कायमचं बसतं. मग तो पुन्हा कधीच प्रयत्न करत नाही. हे अपयश त्याचं नसून सल्ल्याचं आहे.

सरांबरोबर आम्ही जे केलं ते सांगतो. पहिला आठवडा काहीही सोडायचं नाही, फक्त लिहायचं. प्रत्येक कप, प्रत्येक तळलेली वस्तू, प्रत्येक पेग, जेवणाची आणि झोपण्याची वेळ. त्याबरोबर घशाची गुणपत्रिका. डॉक्टर वापरतात ती नऊ प्रश्नांची एक यादी आहे: आवाज बसणं, खाकरणं, घशात कफ, गिळायला अडचण, जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर खोकला, श्वास अडकणं, त्रासदायक खोकला, घशात गोळा, छातीत जळजळ. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज 13 च्या वर गेली तर संशय घ्यायचा. सरांची 24 होती. या यादीने निदान पक्कं होत नाही, कारण ही लक्षणं इतर आजारांतही असतात. पण सुधारतंय की नाही हे कळतं, आणि गणिताच्या माणसाला आकडा पटतो.

दुसऱ्या आठवड्यात हात लावला तो कपांच्या संख्येला नाही, रात्रीच्या वेळेला. मुख्य जेवण आणि अंथरूण यांत निदान तीन तासांचं अंतर पडलं पाहिजे, हा या उपचारातला सर्वांत मोठा भाग आहे. सर 9 ला सुटणार, तर साडेआठच्या आत कसे जेवणार? वाद झाला. शेवटी त्यांनी डबा नेला आणि 7 वाजता दोन बॅचेसच्या मधल्या वेळात दोन भाकऱ्या, भाजी, वरण असं पूर्ण जेवण केलं. घरी आल्यावर वाटीभर मऊ वरण-भात, तोही साडेनऊच्या आत. पोट भरलेलं असल्याने साडेसातची कॉफी आपोआप गळली. पहिला कप हा असाच काढायचा: ज्याची जागा जेवणाने भरते आणि जो झोपेच्या सर्वांत जवळ आहे. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा-सात इंचांचे लाकडी ठोकळे ठेवले. उशीवर उशी रचून उपयोग नाही, त्याने फक्त मान आणि पोट दुमडतं. डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या पातळीवर राहतं.

मग तळण. रोजचा वडापाव आधी एक दिवसाआड, दोन आठवड्यांनी फक्त बुधवारी आणि शनिवारी, नंतर रविवारी दुपारी एक. मधल्या दिवशी इडली, केळी किंवा फुटाणे-कुरमुरे, तेही फोडणीशिवाय. तळलेली मिरची पहिल्याच दिवशी बंद केली, तिची तलफ कोणाला येत नाही. रविवारचा वडा दुपारीच, म्हणजे रात्रीपर्यंत जठर रिकामं होतं.

चहाला हात तिसऱ्या आठवड्यात. नियम एकच: आठवड्याला एका कपापेक्षा जास्त कमी करायचं नाही. आधी आकार. त्यांचा घरचा मग सुमारे 150 मिलिचा होता. तो कपाटात ठेवून कटिंगचा ग्लास आणला, जेमतेम निम्मा. हातात चहा आला, मित्रांबरोबर उभं राहणं झालं, आणि चहा अर्ध्यावर आला. नंतर तलफ नसताना पिण्याचे कप काढले: 3 वाजताचा चहा कोणीतरी मागवतो म्हणून होत असे. तिथे पाण्याची बाटली. मग 12 ची कॉफी. पहाटेचा चहा मात्र काढला नाही, हलवला. आधी पाणी, मग पोहे किंवा उपमा, मग चहा, त्यामुळे पहाटेचा आणि 9.30 चा मिळून एकच राहिला. जो कप सोडणं सर्वांत जड जातं त्याला शेवटी हात लावायचा, नाहीतर माणूस उपचारच सोडतो. सहा आठवड्यांनी सर दोन छोट्या कपांवर आले: एक नाश्त्यानंतर, एक 5 च्या आधी. डोकं दुखलं ते एकदाच, कॉफी गेली त्या आठवड्यात, आणि सुसह्य.

चहाच्या जागी काय, हे सगळे विचारतात. पाणी. ग्रीन टीमध्येही कॅफीन असतं. लेमन टीत आम्ल आहे. पुदिन्याचा चहा घशाला थंड वाटतो, पण पुदिना ती झडप सैल करतो, म्हणून पुदिन्याच्या गोळ्या चघळणाऱ्यांचा घसा बरा होत नाही. कोमट पाणी, फार तर जिऱ्याचं पाणी. चव नाही ही तक्रार मला मान्य आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही.

दारूच्या बाबतीत मी आधी तपासलं. सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का, न घेतल्यास झोप उडते का, दिवसा घ्यावीशी वाटते का. ज्याला हे होतं त्याने दारू एकदम सोडायची नसते. झटके येऊ शकतात, दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावं लागतं. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हेच काम करत आहे, आणि घसा हे तिथे जाण्याचं कारण म्हणून पुरेसं आहे. सरांना यातलं काही नव्हतं. आधी चकणा गेला. मग 60 चे दोन ऐवजी 30 चे दोन. मग सोमवार-गुरुवार कोरे, मग शनिवार सोडून सगळे वार कोरे, आणि शनिवारीही लवकर आटोपायचं. डबा 7 ला झाल्यामुळे रात्री 9 ला पूर्वीसारखी भूक आणि रिकामपण उरलं नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं.

घसा पोटापेक्षा फार सावकाश बरा होतो. दोन आठवड्यांत काही फरक नाही म्हणून लोक सोडतात, आणि तीच घाई महागात पडते. सरांचा सकाळचा आवाज चौथ्या आठवड्यात सुधारला, खाकरणं सातव्या-आठव्यात कमी झालं, घशातला गोळा सर्वांत शेवटी, अडीच महिन्यांनी गेला. तीन महिन्यांनी बेरीज 9 झाली. मधे दिवाळी आली. चकली, शेव, कडबोळी, भावाकडे मैफल, आग्रह. त्याचा त्रास त्या रात्री झाला नाही, दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी झाला आणि आठवडाभर राहिला. कारण आणि परिणाम यांत असं अंतर पडतं म्हणूनच लोक घशाच्या दुखण्याचा दोष हवेला देतात.

या उपायांची मर्यादाही सांगतो. पोटाचा घेर वाढलेल्या माणसाने नुसते कप कमी करून भागत नाही, वजन उतरवणं त्याहून जास्त गुणकारी आहे. रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, तो चहा सोडून जात नाही. नाकातून मागे ओघळणारा कफ, दमा, थायरॉइड यांचीही लक्षणं अशीच असतात. आठ-दहा आठवडे नीट पथ्य करून बेरीज हलली नाही, तर निदान चुकलं आहे असं समजा आणि पुन्हा तपासून घ्या.

आणि पथ्यावर वेळ घालवायचाच नाही, अशी काही लक्षणं आहेत. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज. अन्न अडकणं. थुंकीत रक्त. मानेत गाठ. एकाच बाजूचा कान दुखणं. विनाकारण उतरणारं वजन. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी यांपैकी काही घेत असाल आणि यातलं एकही लक्षण असेल, तर घशात दुर्बीण घालून बघून घ्या. काही मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही. ते न बघता महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या लिहिणारा डॉक्टर कर्करोगाला वेळ देतो आहे, आणि त्याला तुम्ही तसं तोंडावर विचारा.

सर हल्ली सकाळची बॅच स्वच्छ आवाजात घेतात. त्यांना आजही सर्वांत जड जाते ती पालकांची भेट, कारण प्रत्येक घरी चहा ठेवलेला असतो. म्हणून ही विनंती आवाजावर पोट भरणाऱ्यांना नाही, तुम्हा यजमानांना आहे. पाहुणा आला की पाणी द्या, चहा घेणार का ते विचारा, आणि तो नको म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारू नका.